खेडला जाग, चिपळूणला उतरणं

साशंक: कोकणकन्येनं चिपळूणला उतरायचं असेल तर झोपूच नये, हे माझं मत मी आधीच सांगून टाकते. गाडी रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि चिपळूणला पोचते ती अंधार असतानाच. तिथे थांबते दोन-तीन मिनिटं. मधे झोपेला मिळतात जेमतेम तीन तास, कारण पनवेल सुटेपर्यंत लोक बर्थ शोधत असतात, बॅगा सरकवत असतात. एवढ्याशा झोपेसाठी फोनवर दोन गजर लावा, रेल्वेला कळवा, शेजाऱ्याला सांगा, हे सगळं कशाला? झोप हुकली तर दुपारी भरून काढता येते. स्थानक हुकलं तर संगमेश्वर, आणि तिथेही डोळा उघडला नाही तर थेट रत्नागिरी, म्हणजे चिपळूणच्या पुढे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. मग पहाटे तिथल्या फलाटावर बसून परतीची गाडी शोधायची.

हौशी: अगं, स्थानक हुकतं ते झोपणाऱ्याचं नाही, जागं राहायचं ठरवणाऱ्याचं. झोपणारा निदान काहीतरी सोय करून ठेवतो. जो म्हणतो 'मी जागाच आहे', तो गजर लावत नाही, कुणाला सांगत नाही, आणि पहाटे तीन-साडेतीनला, जेव्हा शरीराला झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते, नेमका तेव्हा बसल्याबसल्या त्याची मान पडते. खेड गेलेलं त्याला कळतं, चिपळूण गेलेलं कळत नाही. त्यामुळे 'झोपू नये' हा काही बंदोबस्त नव्हे, ती बंदोबस्ताची टाळाटाळ आहे. झोपायचं हे मान्य कर, मग उठायचं कसं ते बोलू.

साशंक: बरं, मान्य. मग साधा गजर लावते. वेळापत्रकात जी वेळ आहे तिच्या अर्धा तास आधीचा. पण काका, ती वेळ खरी कुठे असते? कोकण रेल्वेचा मार्ग वीरपर्यंत दुहेरी झाला, पुढे एकेरीच आहे. समोरून गाडी येणार असेल तर आपली गाडी कुठल्या तरी लहान स्थानकात बाजूच्या रुळावर उभी राहते, समोरची गेली की निघते. असं क्रॉसिंग एकदा झालं की पंधरा-वीस मिनिटं जातात, दोनदा झालं की घड्याळाचा आणि गाडीचा संबंध तुटला. त्यात पावसाळी वेळापत्रक वेगळं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी चाळीसवर आणायचा अशी सूचना चालकांना असते. अशा मार्गावर घड्याळाचा गजर म्हणजे अंदाजपंचे.

हौशी: अंदाजपंचे आहे, पण तो चुकतो कुठल्या बाजूला ते बघ. गाडी एखाद्या थांब्यावर वेळेआधी येऊ शकते, पण ठरलेल्या वेळेच्या आधी तिथून सुटू शकत नाही. म्हणजे वेळापत्रकाच्या वेळेआधी अर्ध्या तासाचा गजर तुला कधीच उशिरा उठवणार नाही. गाडी वेळेवर असेल तर बरोबर उठवेल, लेट असेल तर लवकर उठवेल. मला फोनमधल्या बाकी सगळ्या चमत्कारांपेक्षा हा साधा गजर पहिला लागतो तो यासाठी. त्याला नेटवर्क लागत नाही, उपग्रह लागत नाही, रेल्वेची कृपा लागत नाही. फोन सायलेंटवर असला तरी घड्याळाचा गजर वाजतो, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं असलं तरी बहुतेक फोनांत वाजतो. अट एकच, वेळ त्या दिवशी चालू असलेल्या वेळापत्रकातून घ्यायची. मागच्या खेपेच्या आठवणीतून नाही. पावसाळ्यात काही गाड्या मूळ स्थानकावरून नेहमीपेक्षा लवकर सुटतात. तिथे जुनी वेळ लक्षात ठेवली की तुझा गजर खरोखर उशिराचा होतो.

साशंक: लवकर उठवणं म्हणजे सुरक्षित, असं तुम्ही गृहीत धरताय. मला नेमकी तिथेच भीती वाटते. समजा गाडी पन्नास मिनिटं लेट आहे. गजर वाजला. मी डोळे किलकिले केले, बाहेर मिट्ट काळोख. फोनवर पाहिलं, गाडी अजून वीरच्याही अलीकडे. आता काय करणार मी? वरच्या बर्थवरून उतरून, बॅग मांडीवर घेऊन सव्वा तास बसणार? नाही. 'अजून वेळ आहे' म्हणून पुन्हा आडवी होणार. आणि ही दुसरी झोप पहिलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यावर पहारा ठेवायला कुणी उरलेलं नाही. गजर वाजून गेला, मी तो स्वतःच्या हातानं बंद केला. माझ्या माहितीतली बहुतेक हुकलेली स्थानकं या दुसऱ्या झोपेत हुकली आहेत. गजर वाजलाच नाही असं क्वचित ऐकते मी.

हौशी: हे तू नेमकं पकडलंस. म्हणून पहिल्या गजरानं उतरायला उठायचंच नसतं. त्याचं काम फक्त एक प्रश्न विचारायचं: गाडी आत्ता कुठे आहे? उत्तर मिळालं की त्या उत्तराप्रमाणे दुसरी व्यवस्था लावायची आणि मगच डोळे मिटायचे. पन्नास मिनिटं लेट असेल तर तिथल्या तिथे चाळीस मिनिटांनंतरचा नवा गजर. स्नूझ नाही, नवा. स्नूझ दाबायला जाग लागत नाही, नवी वेळ घालायला लागते. आणि दुसरी व्यवस्था घड्याळाची नसून जागेची असेल तर आणखी चांगलं. 'व्हेअर इज माय ट्रेन'सारख्या ॲपमध्ये स्थानक निवडून गजर लावता येतो. गाडी तासभर लेट असो, दोन तास असो, तो गाडी तिथे पोचण्यावर बांधलेला असतो.

साशंक: जागेवरचा गजर जागा कळली तर वाजणार ना? एसी डब्याचं धातूचं कवच आणि काळ्या काचा, त्यात मी वरच्या बर्थवर. उपग्रहाचा संदेश तिथे धड पोचत नाही. आणि हा मार्ग बोगद्यांचा. खेडच्या आधी नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा आहे, रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात कसला उपग्रह आणि कसला टॉवर!

हौशी: म्हणून त्या ॲपमध्ये टॉवरवरून जागा ओळखायची सोय आहे. फोन ज्या मोबाईल टॉवरशी जोडलेला असतो त्याची ओळख फोनला माहीत असते, आणि कुठला टॉवर रुळाच्या कुठल्या भागाला लागून आहे याची यादी ॲपमध्ये आधीच असते. त्याला ना इंटरनेट लागतं ना उपग्रह. खिडकीजवळ झोपलीस काय, वर झोपलीस काय, फार फरक पडत नाही. आता यात चूक किती? टॉवर दोन-तीन किलोमीटर इकडचा तिकडचा दाखवेल, डोंगरापलीकडचा टॉवर पकडला तर जास्तही. पण खेड ते चिपळूण अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. तू गजर चिपळूणच्या पंधरा किलोमीटर आधी लावलास तर दोन-तीन किलोमीटरच्या चुकीनं काही बिघडत नाही.

साशंक: पंधरा किलोमीटर म्हणजे किती वेळ, ते सांगा.

हौशी: गाडी पंचाहत्तरनं धावत असेल तर बारा मिनिटं. पावसात चाळीसवर आली तर साडेबावीस. म्हणजे जागेचा गजर लावणाऱ्याला हाताशी मिळणारा वेळ वेगावर ठरतो, हे धरून चालायचं. बारा मिनिटांत वरच्या बर्थवरून उतरणं, चपला शोधणं, सीटखालची बॅग ओढणं, चादरीत गुंडाळलेला चष्मा सापडणं हे मला जमतं. माझ्या आईला जमणार नाही. तिच्यासाठी मी गजर चिपळूणचा लावतच नाही, खेडचा लावतो. गाडी खेडला थांबते, फलाटावर दिवे असतात, डब्यात थोडी हालचाल होते. जागं व्हायचं ते खेडला, उतरायचं चिपळूणला. मधल्या पंचवीस-तीस मिनिटांत काही बिघडलं, म्हणजे फोन बंद पडला किंवा ॲप गप्प बसलं, तरी तू जागीच आहेस.

साशंक: खेडला जाग हे मला पटलं. पण जाग आल्यावर मधे गाडी अंजनीला थांबली तर? तिथे तिला अधिकृत थांबा नाही, पण क्रॉसिंगसाठी उभी राहू शकते. अर्धवट झोपेतला माणूस 'खेड झालं, आता पुढचं थांबणं म्हणजे चिपळूण' असा हिशेब करतो आणि दार उघडून अंधारात उतरायला लागतो. कदाचित त्या बाजूला फलाटही नसेल. तुमच्या सगळ्या योजनेत माणूस उठला की संपलं, असं आहे. मला वाटतं उठल्यानंतरची पाच मिनिटं जास्त घातक.

हौशी: खरं आहे. गाडी थांबली म्हणजे स्थानक आलं असं नाही. पिवळी पाटी वाचल्याशिवाय किंवा फलाटावरच्या कुणाला विचारल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. एसीच्या काळ्या काचेतून पाटी दिसत नसेल तर दाराशी जायचं. मागचे डबे फलाटाच्या उजेडापासून दूर राहतात, तिथे आणखी सावध.

साशंक: आता तुमच्या ॲपकडे परत येते. ते रात्रभर जागं राहायला हवं. आजचे बरेच फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली पाठीमागे चालणारी ॲपं बंद करतात. तुम्ही झोपल्यावर तासाभरात फोन ठरवतो की हे ॲप कुणी वापरत नाहीये, आणि त्याचा गळा दाबतो. सकाळी उठून उघडलं की शहाण्यासारखं सुरू होतं, जणू काही झालंच नाही. घड्याळाच्या गजराला फोन सहसा हात लावत नाही, जागेच्या गजराला लावतो. हा फरक लोकांना माहीत नसतो. वर कुणी शहाणा बॅटरी वाचावी म्हणून एअरप्लेन मोड लावतो, की टॉवरही गेला.

हौशी: म्हणून निघायच्या आधी घरीच दोन गोष्टी करायच्या. ॲपला जागेची परवानगी 'नेहमी' अशी द्यायची, 'वापरताना' अशी नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढायचं. आणि गाडीत चढल्यावर चाचणी घ्यायची. दादरला चढलीस तर ठाण्याचा गजर लाव, फोनची स्क्रीन बंद करून तो खिशात ठेव, बघ वाजतो का. ठाण्याला वाजला नाही तर चिपळूणला वाजेल ही आशा सोड. मोबाईल डेटा बंद ठेवलास तरी चालेल, एअरप्लेन मोड नको. पॉवर बँक उशाशी. गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नकोस. आगीच्या भीतीनं रात्री अकरा ते पहाटे पाच हे सॉकेट बंद ठेवायचं रेल्वेनं २०२१ साली ठरवलं, म्हणजे नेमके तुझे झोपेचे तास. चालू असलं तरी फोन तिथे लांब टांगून ठेवणं म्हणजे गजर दुसऱ्यांसाठी आणि फोन चोरासाठी.

साशंक: आणि हे सगळं फसलं तर १३९, हो ना?

हौशी: फसलं तर नव्हे, बरोबरीनं. १३९ ला फोन करून किंवा `ALERT` लिहून पुढे तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर टाकून त्याच क्रमांकाला एसेमेस केला की तुझं स्थानक येण्याच्या वीस मिनिटं आधी सूचना मिळण्याची सोय आहे. तिचा फायदा असा की वीस मिनिटं वेळापत्रकावरून नाही, गाडीच्या चालू स्थितीवरून मोजायची असतात. हल्ली बऱ्याच इंजिनांत इस्रोच्या मदतीनं बसवलेलं उपकरण दर अर्ध्या मिनिटाला गाडीची जागा कळवतं. तुझ्या फोनला गाडी कुठे आहे ते कळलं नाही तरी रेल्वेला कळतं.

साशंक: रेल्वेला कळतं, पण मला कळवणार कशावर? त्याच फोनवर. काका, तुम्ही तीन तटबंद्या मोजताय, मला एकच दिसते. घड्याळ, ॲप आणि १३९ तिन्ही एका फोनमध्ये राहतात. फोनची बॅटरी गेली, तिन्ही गेले. फोन उशीखालून घसरून खालच्या बर्थच्या पलीकडे पडला, तिन्ही गेले. उलट १३९ चा फोन तर आणखी नाजूक. सायलेंटवर असेल तर गजर वाजतो पण कॉल वाजत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' असेल तर अनोळखी नंबर अडतो. नको असलेले कॉल अडवणारं ॲप असेल तर ते रेल्वेलाही विमा विकणारा समजतं. आणि कॉल येतो त्या क्षणी गाडी एखाद्या बोगद्यात असेल तर? शिवाय साध्या डब्याच्या तिकिटाला पीएनआर नसतो. त्या डब्यात दाटीवाटीनं बसलेल्या माणसाला ही सोय नाहीच.

हौशी: कॉलचं म्हणशील तर घरच्या माणसाला सांगून ठेवता येतं. चिपळूणला न्यायला जो भाऊ येणार आहे, तो गाडी कुठे आली ते तसंही बघत असतो. त्यानं खेड सुटल्यावर फोन करायचा, उचलला नाही तर लगेच पुन्हा करायचा. बऱ्याच फोनांत अशी सोय असते की पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर 'डू नॉट डिस्टर्ब' असूनही तो वाजतो. पण तुझा मुख्य मुद्दा मला मान्य करावा लागतो. एकाच कारणानं फसणाऱ्या दोन व्यवस्था म्हणजे एकच व्यवस्था. मी गजर मोजत होतो, मोजायला हवी होती ती कारणं. म्हणून हल्ली मी मनगटावर स्मार्ट पट्टा बांधतो. बऱ्याच पट्ट्यांत गजर पट्ट्यातच साठवता येतो. फोन मेला तरी तो मनगटावर थरथरतो, आणि डब्यातल्या बाकीच्यांची झोपमोड होत नाही. पहाटे तीनला वरच्या बर्थवर भूपाळी लावणाऱ्यांना मी एरवीही माफ करत नाही.

साशंक: पट्टा चांगला, पण तोही घड्याळाचाच गजर. म्हणजे लवकर उठवेल आणि मग तीच दुसरी झोप. खरी वेगळी व्यवस्था एकच, दुसरा माणूस. आणि माणसांबद्दल तुम्ही अजून काही बोललाच नाहीत.

हौशी: बोलतो ना. माणूस निवडताना लोक हमखास चुकतात. समोरचे गृहस्थ सभ्य दिसले की विचारतात, "आपण कुठे? कणकवली? मग मला चिपळूणला उठवाल का?" कणकवलीचा माणूस चिपळूणला गाढ झोपलेला असणार. त्याला सांगणं म्हणजे झोपलेल्याला झोपलेल्याचा पहारा. चिपळूणलाच उतरणारा बरा, पण तो हुकला तर तूही हुकलीस. सगळ्यात उपयोगी माणूस खेडला उतरणारा. त्याला उठायचंच आहे, सामान काढायचंच आहे, तुझ्या बर्थवरून जायचंच आहे. जाता जाता बर्थच्या कडेवर दोनदा टकटक करायला त्याला काही कष्ट नाहीत. आणि त्याची टकटक बरोबर तुला हवी त्या ठिकाणी होते. मुलंबाळं, सामानाच्या पेट्या, तीन पिशव्या असं कुटुंब खेडचं असेल तर सोनंच. ते पंधरा मिनिटं आधीपासून आवाज करतात.

साशंक: खेडचं कुटुंब भेटलं तर! आणि भेटलं तरी तुम्ही हे पुरुष म्हणून बोलताय. रात्री अकरा वाजता डब्यातल्या अनोळखी माणसांना मी सांगायचं की मी एकटी आहे, गाढ झोपते आणि पहाटे अंधारात चिपळूणला उतरणार आहे? ही माहिती मी कुणाकुणाच्या हाती देते याचा हिशेब मला करावा लागतो, तुम्हाला लागत नाही. तुमच्या दृष्टीनं सहप्रवासी म्हणजे फुकटचा गजर. मला त्याची किंमत आधी विचारावी लागते. घोळका असेल तर मी उलट सांगते, रत्नागिरीला उतरणार, न्यायला दादा येतोय.

हौशी: ... हे मी कधी धरलंच नव्हतं. मग डब्यातला कर्मचारी? एसीत चादरी देणारा अटेंडंट असतो. त्याला सांगितलं तर तो उठवतो, त्यात त्याचा स्वार्थही असतो. त्याला चादर-टॉवेल मोजून परत घ्यायचे असतात. मला तर न सांगताही अर्धा तास आधी उठवलं आहे, चिपळूणच्या काळजीनं नाही, टॉवेलच्या.

साशंक: एसीत. शयनयान डब्यात अटेंडंट नसतो, तिथे टीसी. एका टीसीकडे एकाहून जास्त डबे. पनवेलच्या सुमारास तिकीट बघताना मी त्यांना सांगितलं, आणि वाटेत त्यांची ड्यूटी बदलली, तर माझा निरोप त्यांच्याबरोबर उतरला. आता त्यांच्या हातात यंत्र असतं. कुठल्या बर्थवरचा प्रवासी कुठे उतरणार ते त्यात दिसतं. तरी ते यंत्र बर्थ रिकामा झाला का ते बघायला आहे, प्रवासी उतरला का ते बघायला नाही. गंमत म्हणजे तुमच्या बर्थवर चिपळूणहून दुसऱ्या कुणाचं आरक्षण असेल तर तोच तुम्हाला उठवतो. फक्त तेव्हा गाडी फलाटावर उभी असते आणि हातात मिनिटभर उरलेलं असतं.

(या टप्प्यावर दोघांनाही विचारावंसं वाटतं: मिनिटभर उरलं असताना किंवा गाडी सुटल्यावर जाग आली तर? हे बोलणं दोघंही टाळत होते. चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. साखळीही ओढायची नाही. झोप लागणं हे कायद्यानं पुरेसं कारण धरलं जात नाही, आणि रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमाखाली विनाकारण साखळी ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टीसीला गाठायचं, झालं ते सांगायचं आणि पुढच्या थांब्याची वाट बघायची.)

हौशी: ते यंत्र आहेच ना टीसीच्या हातात. मग त्यातच सोय करावी. स्थानकाच्या वीस मिनिटं आधी त्यानं टीसीला दाखवावं, अमुक डब्यात अमुक बर्थवरची माणसं उतरायची आहेत, एक फेरी मारा. माहिती तिथे आहे, माणूस तिथे आहे, यंत्र तिथे आहे. प्रवाशाला ना फोन लागेल ना शेजारी.

साशंक: कागदावर छान. प्रत्यक्षात पहाटे तीनला एक टीसी, एकाहून जास्त डबे, चिपळूणला उतरणारे पन्नास-साठ जण. त्यातले निम्मे जागे असणार, निम्म्यांनी बर्थ बदललेले असणार. कुणी वरच्या बर्थवर मुलाला झोपवून स्वतः खालच्या बर्थवर. टीसी चुकीच्या माणसाला उठवणार, तो चिडणार. बरोबर माणूस झोपून राहिला तर जबाबदारी कुणाची? आज मी हुकले तर चूक माझी. तुमची सोय आली की चूक रेल्वेची, आणि मग टीसी प्रत्येकाला हलवूनच उठवणार. अंधारात मला कुणी हलवून उठवलेलं मला चालणार आहे का, हाही प्रश्न आहेच.

हौशी: टकटक करावी. बर्थच्या लोखंडावर.

साशंक: टकटकीनं जो उठतो तो तुमच्या पट्ट्यानंही उठतो. प्रश्न टकटकीनं न उठणाऱ्याचा आहे.

हौशी: मग तुझं काय? आजच्या रात्रीसाठी तू काय करणार?

साशंक: चालू वेळापत्रक बघून अर्धा तास आधीचा गजर, फोनवरही आणि पट्ट्यावरही. जागेचा गजर खेडचा, ठाण्याला चाचणी घेऊन. दादा खेड सुटल्यावर दोनदा फोन करेल. माणसांचं गाडीत बसल्यावर ठरवेन. समोर आजी आणि सून असतील आणि खेडला उतरणार असतील तर सांगेन, नसतील तर नाही सांगणार. आणि खरं सांगू? पुढच्या खेपेला दिवसाच्या मांडवीचं तिकीट मिळतंय का ते आधी बघेन.

हौशी: मांडवीनं गेलीस तर सुट्टीचा अर्धा दिवस गाडीत जाणार. रात्रीच्या गाडीचा फायदाच तो, दिवस वाचतो.

साशंक: दिवस वाचतो खरा, पण मग रात्र कुणाच्या खात्यात जाते ते तुम्ही अजून सांगितलं नाही. तुमच्या हिशेबात पट्टा, ॲप, रेल्वे, दादा आणि खेडची आजी असे पाच जण माझ्या तीन तासांच्या झोपेसाठी कामाला लागलेत. त्यातली आजी तर माझ्यामुळे दहा मिनिटं आधी उठणार.

हौशी: आजी तशीही उठलेलीच असते.

साशंक: हे तुम्ही आजीला विचारलंत का?